पडद्याचा फोटो आणि भिंतीवरची सूचना

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या खोलीत ज्येष्ठ नागरिकांसाठी संगणकाचा वर्ग चालतो. श्रीवर्धन तालुक्यातलं हे किनाऱ्याचं गाव. घरटी एकजण तरी कुवेतला, सौदीला किंवा दुबईला. मागे राहिलेली माणसं साठीच्या पुढची. वर्ग आठवड्यातून दोन दिवस, जोहर आणि असरच्या मधल्या वेळात. चार संगणक, दहा-बारा विद्यार्थी. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या सूचना टांगलेल्या आहेत: संगणक चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, मराठी कसं टाइप करायचं. त्यातली सगळ्यात जास्त वाचली जाणारी सूचना म्हणजे पडद्याचा फोटो कसा काढायचा आणि काढलेला फोटो कुठे सापडतो, ही. आज त्या एका कागदाबद्दल लिहितो, कारण त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे मला अनेकांनी विचारलं आहे.

आधी सूचना जशीच्या तशी:

१. जे हवं ते पडद्यावर पूर्ण दिसू द्या. वरचा पत्ता आणि खालचं घड्याळ झाकू नका.
२. डाव्या हाताने खिडकीचं चिन्ह असलेली कळ दाबून धरा.
३. ती धरूनच उजव्या हाताने `PrtSc` ही कळ एकदा दाबा. मग दोन्ही सोडा.
४. पडदा क्षणभर अंधारला? फोटो निघाला.
५. आता खिडकीची कळ धरून `E` दाबा. डावीकडे `Pictures`, त्यात `Screenshots`.
६. कंसात सगळ्यात मोठा आकडा असेल तो तुमचा फोटो. त्यावर माउसने दोनदा टिचकी मारा.
७. उघडून वाचा. हवी ती ओळ त्यात आहे का?
८. बंद करा, एकदा टिचकी मारून `F2` दाबा, नाव द्या, `Enter` दाबा.
९. घरी जाताना आपला फोटो घेऊन जा आणि इथला पुसून टाका.

नऊ ओळींत फोटो काढण्याच्या ओळी दोनच आहेत, दुसरी आणि तिसरी. बाकी सगळ्या शोधण्याच्या आणि तपासण्याच्या. वर्गातली अडचणही त्याच प्रमाणात असते. कळा दाबायला एका दिवसात जमतं. "सर, फोटो काढला, पण गेला कुठे?" हा प्रश्न मात्र महिनाभर चालतो.

याचं कारण त्या `PrtSc` कळीतच आहे. ही कळ कीबोर्डच्या वरच्या ओळीत, `F12`च्या उजवीकडे असते. कुणाच्या कीबोर्डवर `PrtScn` लिहिलेलं असतं, कुणाच्या `Print Screen`. ती एकटी दाबली तर विंडोजच्या जुन्या आवृत्तीत पडद्याचं चित्र संगणकाच्या हातात येतं, पण कुठेही ठेवलं जात नाही. बाजारात आपण पैसे मोजून मुठीत धरतो तसं. पुढे दुसरी काही वस्तू उचलली की मूठ उघडते आणि पहिलं गेलं. ते चित्र एखाद्या कागदावर चिकटवलं, म्हणजे `Ctrl` धरून `V` दाबलं, तरच टिकतं. नव्या आवृत्तीत तीच कळ एकटी दाबली की पडदा करडा होतो, वर एक छोटी पट्टी येते आणि माउसच्या जागी अधिक चिन्ह दिसतं. पडद्याचा कोणता तुकडा हवा ते तुम्ही आखावं, असं संगणक विचारत असतो. आमच्या चाचांना मात्र वाटतं की मशीन बिघडलं. तेव्हा `Esc` दाबायचं, पडदा पूर्ववत होतो.

खिडकीची कळ धरून `PrtSc` दाबलं तर यातलं काहीच होत नाही. संपूर्ण पडद्याचं चित्र थेट फोल्डरमध्ये जाऊन पडतं, जुन्या विंडोजमध्ये तसं आणि नव्यातही तसंच. फोटो काढण्याचे आणखी तीन-चार मार्ग आहेत आणि ते वाईट नाहीत. पण भिंतीवर एकच लिहिला आहे, कारण यात वस्तू कुठे गेली हे आधीच ठरलेलं असतं.

चौथ्या ओळीतला अंधार ही त्याची पावती आहे. पडदा डोळ्याची पापणी लवावी तसा मंद होतो. आमच्या चारपैकी एका जुन्या संगणकावर मात्र तो होत नाही. तो हळू चालतो म्हणून त्याच्यावरच्या हालचालींची सजावट बंद करून ठेवली आहे, आणि तिच्याबरोबर हा अंधारही गेला. त्या संगणकावर बसणाऱ्याने पावतीची वाट बघायची नाही, सरळ पाचव्या ओळीवर जायचं. लॅपटॉप आणणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यात `PrtSc` बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या कळीवर लहान अक्षरात लिहिलेलं असतं, आणि ते चालावं म्हणून खालच्या बाजूची `Fn` कळही धरावी लागते. म्हणजे एकदम तीन बोटं. सांधेदुखी असलेल्यांना आम्ही सांगतो की डावा अंगठा `Fn`वर आणि पहिलं बोट खिडकीवर ठेवा. लॅपटॉपवर या दोन कळा शेजारी शेजारी किंवा अगदी जवळ असतात.

आता शोधणं. `Screenshots` फोल्डर उघडलं की `Screenshot (1)`, `Screenshot (2)` अशी नावं दिसतात. हा आकडा फक्त वाढत जातो. मधले फोटो पुसले तरी संगणक मोजणी मागे नेत नाही, म्हणून सगळ्यात मोठा आकडा तो सगळ्यात ताजा फोटो, हा नियम त्या संगणकावर कायम खरा ठरतो. कधी कधी मात्र `Pictures` उघडूनही आत `Screenshots` दिसत नाही. अशा वेळी डावीकडे निळ्या ढगाचं `OneDrive` हे चिन्ह आहे का ते बघायचं. ज्या संगणकावर ही सोय चालू असते तिथे चित्रांचं फोल्डर तिच्या आत गेलेलं असतं. तिथे `OneDrive`, मग `Pictures`, मग `Screenshots` असा रस्ता आहे. वस्तू हरवलेली नसते, घर बदललेलं असतं.

सातवी ओळ, "उघडून वाचा", ही मला सूचनेतली सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती का, हे वर्गातल्या एका खालाच्या कामावरून सांगतो.

खालाच्या अब्बांची समुद्राकडची वाडी आहे. नारळ, रोठा सुपारी, थोडी जायफळं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बरीच झाडं पडली, पुन्हा लावली. अब्बा नंतर वारले, आई आधीच गेली होती. मागे दोन भाऊ आणि ही एक बहीण. मोठा भाऊ गावात, धाकटा कुवेतला. खालाला सातबारा बघायचा होता आणि त्याचा फोटो कुवेतला पाठवायचा होता. शिक्षण उर्दू शाळेतलं, मराठी हळूहळू लावून वाचते, पण वाचते.

महाभूलेखचं संकेतस्थळ `bhulekh.mahabhumi.gov.in` उघडलं. जिल्हा रायगड, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा नंबर, मग मोबाइल नंबर आणि चित्रातली वाकडी अक्षरं, एवढं भरल्यावर सातबारा आला. खालाने सूचनेप्रमाणे फोटो काढला, फोल्डरमध्ये शोधला, भावाला पाठवला. थोड्या वेळाने कुवेतहून फोन आला. "नाव तर अब्बांचंच आहे. अजून काही झालेलं नाही. कशाला काळजी करतेस?"

खालाला तेवढ्यावर उठायचं होतं. आम्ही तिला सातव्या ओळीवर नेलं. फोटो उघड आणि शेवटची ओळ कोणती दिसते ते सांग. तिने बोट ठेवून वाचलं. फोटो खातेदाराच्या नावाच्या थोडा खाली येऊन संपला होता.

पडद्याच्या फोटोची ही मर्यादा नवख्याला माहीत नसते. तो पडद्याचा फोटो असतो, पानाचा नव्हे. माउसचं चाक फिरवल्यावर जे खालून वर येतं, ते त्या क्षणी पडद्यावर नसतं, म्हणून फोटोतही नसतं. खिडकीतून अंगणाचा फोटो काढला तर भिंतीआडची विहीर त्यात येणार नाही, तसंच. आणि सातबाऱ्याची वरची बाजू नाव सांगते, तर खालच्या बाजूला "प्रलंबित फेरफार" अशी एक नोंद असते. तिथे कधी "नाही" लिहिलेलं असतं, कधी एक क्रमांक.

खालाने पान वर सरकवलं आणि दुसरा फोटो काढला. त्यात प्रलंबित फेरफारापुढे क्रमांक होता.

याचा अर्थ असा की नावात बदल करण्याचा अर्ज आलेला आहे, नोंदवहीत त्याची नोंद झाली आहे, पण ती अजून मंजूर झालेली नाही. मंजूर होईपर्यंत वर जुनंच नाव दिसत राहतं. म्हणून कुवेतच्या भावाने पाहिलेली अर्धी गोष्ट खरी होती आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घ्यायला १५ दिवस असतात. कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी कागद बघून नोंद मंजूर करतो. पण नोटीस जाते ती अर्जात ज्यांची नावं आहेत त्यांना. ज्याचं नावच लिहिलेलं नाही, त्याच्या दारात ती येणार कुठून?

फेरफारात नावं कोणाची, हे सातबाऱ्यावर कळत नाही. तिथे फक्त क्रमांक असतो. तपशिलासाठी "आपली चावडी" नावाचं पान आहे. गावच्या चावडीवर लागणारी फेरफाराची नोटीस तिथे बघता येते. खालाने तेही उघडलं. वारसांच्या नोंदीत दोन नावं होती, दोन्ही भावांची. त्या पानाचेही तिने दोन फोटो काढले आणि चारही कुवेतला पाठवले. या वेळी फोन यायला उशीर लागला. धाकट्याला यातलं काही माहीत नव्हतं.

मोठ्या भावाने लपवलं असं खाला म्हणत नाही. त्याने तिला सरळ सांगितलं, "बहिणींची नावं घालायची पद्धत नाही आपल्याकडे." पद्धत नाही हे खरं आहे. आमच्या किनाऱ्यावर कित्येक घरांत बहिणी वाडीतल्या हिश्शाचं नाव काढत नाहीत. माहेर तुटेल ही भीती असते. पण ज्या दीनचं नाव घेऊन आपण बाकी सगळी पद्धत ठरवतो, त्यात मुलीचा हिस्सा नेमून दिलेला आहे, भावाच्या निम्मा. दोन भाऊ, एक बहीण म्हणजे वाडीचे पाच भाग. दोन-दोन भावांचे, एक तिचा. सुरह निसा ज्यांना पाठ आहे त्यांना हे मी सांगायला नको. आणि हिस्सा सोडायचा असला तरी तो आधी नावावर यावा लागतो. जो लिहिलाच नाही तो सोडला असं म्हणता येत नाही, तो गेला असंच म्हणावं लागतं.

खालाने लेखी हरकत दिली. तलाठी कार्यालयात अर्ज देताना फेरफाराचा क्रमांक अचूक लागतो, तो तिने फोटोवरून उतरवला. मुदतीत किती दिवस उरले हेही तिने मोजलं. नोटिशीची तारीख पानावर होती, आणि तिने ती कधी पाहिली हे फोटोच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ सांगत होतं. पहिल्या ओळीत घड्याळ झाकू नका म्हटलंय ते यासाठी. वरचा पत्ता दिसत असला की चित्र कोणत्या संकेतस्थळाचं आहे हेही कळतं. हरकत आल्यावर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं आणि सुनावणीशिवाय नोंद मंजूर होत नाही. सुनावणीची तारीख लागली आहे. धाकट्याने आपलं म्हणणं लिहून पाठवलं आहे की बहिणीचं नाव लागावं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण वर्गात ती वारंवार निघते. पडद्याचा फोटो हा पुरावा नव्हे. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कचेरीत चालणारा, डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपये भरून वेगळा उतरवून घ्यावा लागतो. फोटोतला मजकूर कुणीही बदलू शकतो आणि कार्यालयांना ते माहीत असतं. आपली दुकानदार मंडळी हे चांगलं जाणतात. पैसे पाठवल्याचा फोटो दाखवून गिऱ्हाईक निघून जातं आणि खात्यात काही आलेलं नसतं. फोटोचं काम वेगळं आहे. कोणता क्रमांक, कोणती तारीख, कोणतं पान, हे विसरू नये म्हणून तो काढायचा. खालाच्या हरकतीला वजन आलं ते फेरफाराच्या क्रमांकामुळे. फोटोमुळे तो क्रमांक तिच्या हातात राहिला.

दोन भागांत फोटो काढायचा तर एक पथ्य पाळायचं. पहिल्या फोटोतली शेवटची ओळ दुसऱ्या फोटोत सगळ्यात वर यावी इतकंच पान सरकवायचं. म्हणजे मध्ये काही सुटलं नाही हे बघणाऱ्याला कळतं. काही हुशार विद्यार्थी `Ctrl` धरून वजाबाकीची कळ दाबतात आणि सगळं पान लहान करून एकाच फोटोत बसवतात. थोडं लहान केलं तर चालतं. फार लहान केलं तर अक्षरं इतकी बारीक होतात की फोटो मोठा करून बघितला तरी ती फुटतात. फोटोत पडद्यावर होते तेवढेच ठिपके असतात, मोठं केल्याने नवे येत नाहीत. पुसट आठ आणि पुसट तीन यांत फरक कळला नाही तर फेरफाराचा क्रमांक उतरवण्याचा काय उपयोग? असाच गोंधळ मोबाइलने संगणकाच्या पडद्याचा फोटो काढल्यावर होतो, त्यात तिरप्या रेघा उमटतात. आणि व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलं तर ते आणखी दाबलं जातं. बारीक अक्षरांचा कागद असेल तर तोच फोटो `Document` या पर्यायाने पाठवायचा, तो जसाच्या तसा पोचतो.

आठव्या ओळीत नाव द्यायला सांगितलं आहे, तिथे जवळपास प्रत्येकजण अडतो. सगळ्यांना `7/12` असंच नाव द्यायचं असतं आणि संगणक ते घेत नाही. तिरपी रेघ नावात चालत नाही, कारण फोल्डरांचा पत्ता लिहिताना तशा रेघा वापरल्या जातात. इंग्रजीत एक लांब सूचना येते आणि माणूस घाबरतो. काही बिघडलेलं नसतं. `satbara-1`, `satbara-2` असं लिहायचं. खालाने पुढे आपल्या वाडीचा सर्व्हे नंबरही जोडला, ते उत्तम. सहा महिन्यांनी `Screenshot (47)` बघून कुणाला काय आठवणार?

नववी ओळ मी सगळ्यांत शेवटी आणि लाल शाईने लिहिली आहे. आमचे चार संगणक सगळ्यांचे आहेत. एकाने काढलेला फोटो दुसऱ्याला त्याच फोल्डरमध्ये दिसतो. त्यात कुणाचं आधार असतं, कुणाचं बँकेचं पासबुक, कुणाच्या निवृत्तिवेतनाचं जीवन प्रमाणपत्र, कुणाच्या हजच्या अर्जातला पासपोर्ट. आणि कुणाच्या घरातला जमिनीचा वाद. म्हणून आपले फोटो पेनड्राइव्हमध्ये घ्यायचे किंवा स्वतःला पाठवायचे, मग इथले निवडून `Shift` धरून `Delete` दाबायचं. नुसतं `Delete` दाबलं तर फोटो `Recycle Bin` मध्ये पडून राहतो आणि पुढचा माणूस तो तिथून उचलू शकतो. व्हॉट्सॲप संगणकावर उघडलं असेल तर त्यातून `Log out` करून उठायचं. नाहीतर तुमचे सगळे संदेश पुढच्या माणसाच्या समोर उघडे.

वर्ग सुटल्यावर चारही संगणकांची `Screenshots` फोल्डरं मी उघडून बघतो. आत काही राहिलं असेल तर उघडून न वाचता पुसतो, आणि पुढच्या वेळी नाव न घेता सगळ्यांना आठवण करतो. गेल्या काही आठवड्यांत तीन संगणक रिकामे मिळतात. चौथा तो जुना, ज्याचा पडदा अंधारत नाही. फोटो निघाला की नाही या शंकेने त्याच्यावर बसणारे एकाच पानाचे सात-आठ फोटो काढतात आणि त्यातला एकच पुसून उठतात.